'केजीएफ' बघणाऱ्याला ब्रेसाँ कसा दाखवावा?

गोव्याच्या इफ्फीत किंवा पुण्याच्या पिफमध्ये रांगा लावून सिनेमे पाहणारा माणूस ज्या घरात असतो, त्याच घरात बहुधा एक असाही असतो, ज्याला हिंदीत डब झालेल्या दाक्षिणात्य हाणामारीशिवाय दुसरं काही चालत नाही. पहिल्याला मनापासून वाटतं, की दुसऱ्याने एकदा तरी एखादा संथ, शांत, जगातला थोर म्हणून मानलेला सिनेमा पाहावा. मग तो स्वतःला सगळ्यांत जास्त आवडलेला सिनेमा लावतो. अर्ध्या तासात दुसऱ्याच्या हातात मोबाइल येतो आणि 'आर्ट फिल्म' या विषयावर घरात कायमचा पडदा पडतो.

याद्यांवर विसंबणाऱ्यांचंही असंच होतं. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचं मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. 2022च्या कौलात पहिला क्रमांक शांताल आकेरमान या बेल्जियन दिग्दर्शिकेच्या 'जान दिएलमान' (1975) या सिनेमाला मिळाला. त्याची लांबी 201 मिनिटं आहे आणि त्यातला मोठा भाग एक विधवा बाई स्वयंपाक करते, भांडी घासते, अंथरूण आवरते, हे दाखवण्यात जातो. हंगेरीच्या बेला तार यांचा 'द ट्यूरिन हॉर्स' (2011) 146 मिनिटांचा आहे आणि त्यात जेमतेम तीसेक शॉट आहेत. म्हणजे एक शॉट सरासरी पाचेक मिनिटं चालतो. दोन्ही सिनेमे मला फार मोलाचे वाटतात. पण ज्याने आजवर फक्त वेगवान व्यावसायिक सिनेमा पाहिलाय, त्याच्या हाती पहिल्यांदाच यातला एखादा देणं हा त्याच्यावर आणि त्या सिनेमावरही अन्याय आहे.

त्याच्या डोळ्यांना सवय कशाची असते ते आधी बघू. डेव्हिड बॉर्डवेल या अमेरिकी अभ्यासकाने हॉलिवूडच्या शेकडो सिनेमांतले शॉट मोजले. 1930 ते 1960 या काळात एक शॉट सरासरी आठ ते अकरा सेकंद टिकायचा. शतक संपता संपता ही सरासरी तीन ते सहा सेकंदांवर आली. आपल्याकडच्या 'केजीएफ'सारख्या सिनेमात तर एखाद्या मारामारीत सेकंदासेकंदाला चित्र बदलतं, मध्ये काळे तुकडे येतात आणि कुठे बघायचं हे प्रत्येक वेळी पार्श्वसंगीत सांगून टाकतं. अशा सिनेमात प्रेक्षकाला काही शोधावं लागत नाही. जे महत्त्वाचं आहे तेच मोठं करून समोर येतं आणि समजलं की लगेच निघून जातं. संथ सिनेमात समजून झाल्यावरही शॉट चालूच राहतो. 'कळलं की आता, पुढे?' असं प्रेक्षकाच्या मनात येतं ते नेमकं याच जागी.

म्हणून त्याला थांबताच येत नाही असं मात्र नाही. 'शोले'मधलं ठाकूरच्या कुटुंबाचं हत्याकांड आठवा. झोपाळ्याची करकर, वारा, घोड्यावरून सावकाश येणारा गब्बर आणि शेवटी समोर उरलेलं एकटं पोर. तो प्रसंग सर्जिओ लिओनेच्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'वरून (1968) सुचलेला आहे. त्या सिनेमाच्या सुरुवातीला तीन बंदूकधारी रेल्वे स्टेशनवर नुसते थांबलेले असतात. एकाच्या टोपीवर पाणी ठिबकतं, दुसरा बंदुकीच्या नळीत माशी पकडतो, आणि गाडी येईपर्यंत दहाएक मिनिटं जवळजवळ कुणी बोलत नाही. आपल्याकडे 'सैराट'ची (2016) अखेर त्याहून अलीकडची आहे. 'झिंगाट'वर थिएटरात नाचलेल्या त्याच गर्दीने रक्ताची पावलं उमटवत बाहेर येणारं ते लेकरू आवाज पूर्ण बंद झालेला असताना पाहिलं आणि कुणी जागचं हललं नाही. हा प्रेक्षक थांबतो, फक्त त्याला थांबण्यासाठी कारण लागतं. 'शोले'त ते कारण भीती आहे, 'सैराट'मध्ये आर्ची-परशाबद्दल अडीच तासांत साठलेली माया आहे.

यावरून निवडीची एक कसोटी मिळते. संथ सिनेमा पाहताना प्रेक्षक अधीर होणारच. प्रश्न इतकाच, की ती अधीरता कुणाकडे वळते. ती पात्राकडे वळली ('लवकर कर रे, पहारेकरी येईल!'), तर सिनेमा त्याला लागू पडला. ती दिग्दर्शकाकडे वळली ('हा कधी पुढे सरकणार?'), तर निवड चुकली. म्हणून पहिला सिनेमा असा हवा, की त्यातल्या माणसाला काहीतरी अगदी ठोस हवं आहे, ते मिळवायला वेळ लागतो आणि त्या वेळाशिवाय ते मिळणं शक्यच नाही.

माझा एक धाकटा चुलतभाऊ चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करतो. दिवसभर डाय, फाइल, मायक्रोमीटर. घरी आल्यावर जेवता जेवता मारधाडीचा सिनेमा. एका मित्राने त्याला जपानी आणि हंगेरियन सिनेमे सुचवले होते. त्यावर त्याचं मत ठाम झालं होतं, "दादा, त्यात माणसं नुसती बसून असतात." त्याच्यासाठी मी निवडला तो रोबेर ब्रेसाँ या फ्रेंच दिग्दर्शकाचा 'अ मॅन एस्केप्ड' (1956). निवडीमागे दोन कारणं होती. एक तर तो तुरुंगातून पळून जाण्याचा सिनेमा आहे आणि तुरुंगफोड माहीत नसलेला हाणामारीचा प्रेक्षक शोधून सापडणार नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं होतं: या सिनेमाचा जवळजवळ सगळा वेळ एक माणूस हाताने काम करण्यात जातो, आणि माझ्या भावाला हाताच्या कामातलं कळतं.

कथा खरी आहे. आंद्रे दविन्यी हा फ्रेंच अधिकारी 1943 साली लिओंच्या मोंल्युक तुरुंगातून जर्मनांच्या हातावर तुरी देऊन निसटला. त्याच्या आठवणींवर सिनेमा बेतला आहे; सिनेमात त्याचं नाव फोंतेन. ब्रेसाँने शीर्षकातच सांगून टाकलंय, की तो पळाला. भावाने विचारलंच, "मग बघायचं काय?" मी म्हटलं, "कसा पळाला ते."

फोंतेनच्या कोठडीचं दार ओकच्या जाड फळ्यांचं आहे. दिवसेंदिवस दाराकडे बघून त्याच्या लक्षात येतं, की फळ्या टणक असल्या तरी त्यांना जोडणारे मधले सांधे मऊ लाकडाचे आहेत. जेवणासोबत आलेला एक लोखंडी चमचा तो लपवतो, दगडी फरशीवर घासून त्याची पटाशी करतो आणि सांधा कोरायला लागतो. कॅमेरा त्याच्या हातांवर असतो. खरवडल्याचा आवाज येतो, बाहेर पावलं वाजली की थांबतो, मग पुन्हा सुरू होतो. लाकडाचा भुसा वेचून लपवावा लागतो. कोरलेली फट दिसू नये म्हणून बुजवावी लागते. मध्येच चमचा तुटतो आणि दुसरा मिळेपर्यंत काम अडतं. एकही दृश्य भराभर कापून पुढे ढकललेलं नाही. वेगवान सिनेमात हे सगळं गाण्याच्या एका कडव्यात उरकलं असतं आणि आपल्याला फक्त 'त्याने दार फोडलं' एवढं कळलं असतं. इथे एक सांधा सुटायला किती वेळ लागतो हे आपल्या अंगात उतरतं आणि मग बाहेरच्या प्रत्येक पावलाची भीती खरी वाटू लागते.

भाऊ पहिली दहा मिनिटं चुळबुळ करत होता. चमचा फरशीवर घासायला लागल्यावर तो पुढे सरकून बसला. "मानेत वाकणार तो," एवढंच म्हणाला. चमचा तुटला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर त्याचा मोबाइल त्याच्या खिशात होता की टेबलावर, याची त्याला आठवणही नव्हती.

फोंतेनला दार उघडता आल्यावर सिनेमा संपत नाही. उलट आता त्याला दोर लागतो, आकडे लागतात. दोर तो पलंगाच्या तारा आणि फाडलेल्या कपड्यांच्या पट्ट्या वळून करतो. आकड्यांची गोष्ट मात्र अंगावर काटा आणते. ओर्सिनी नावाचा कैदी घाईघाईत एकटाच पळायला निघतो आणि पकडला जातो. त्याला गोळ्या घालण्याआधी त्याच्याकडून कळतं, की भिंतीवर चढायला आकडे हवेतच. म्हणजे फोंतेनची सुटका दुसऱ्याच्या फसलेल्या प्रयत्नावर उभी आहे. ब्रेसाँ हे एकाही भावुक संवादाशिवाय सांगतो. पुढे फोंतेनच्या कोठडीत अचानक योस्त नावाचा सोळा वर्षांचा पोरगा आणून टाकतात, अंगावर अर्धा जर्मन गणवेश. हा हेर आहे का? याला मारायचं की बरोबर घ्यायचं? त्या रात्रीपर्यंत आपण इतका वेळ त्या कोठडीत काढलेला असतो, की हा प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागतो. आणि भिंतीपाशी पोचल्यावर उमगतं, की एकटा असता तर फोंतेन ती ओलांडूच शकला नसता.

या सिनेमाबद्दल आधी सांगायची एकच गोष्ट आहे आणि ती वेगाशी संबंधित नाही. ब्रेसाँ व्यावसायिक नट घेत नसे. फोंतेनचं काम करणारा तरुण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी होता. त्याच्या चेहऱ्यावर फार काही हलत नाही आणि बोलणंही सपाट आहे. माझ्या अनुभवात व्यावसायिक सिनेमाच्या प्रेक्षकाला संथपणापेक्षा हा कोरा चेहरा जास्त खटकतो, कारण 'हा नट वाईट आहे' असं तो पाच मिनिटांत ठरवून टाकतो. म्हणून सुरुवातीलाच सांगावं, की हा माणूस चेहऱ्याने काही दाखवणार नाही, हातांकडे बघ. यापलीकडे काही समजावू नये. ब्रेसाँ कसा महान, मोझार्टचं संगीत कुठे येतं, त्या युद्धात ब्रेसाँ स्वतः कैदी होता, हे सगळं नंतर. सिनेमा चालू असताना शेजारी बसून अर्थ सांगणारा माणूस कुठलाही सिनेमा मारून टाकतो.

मात्र पाहण्याच्या सोयीबद्दल मी आग्रही आहे. या सिनेमाचा शेवटचा भाग बराचसा अंधारात आणि आवाजावर चालतो. छपरावरच्या खडीची करकर, ती दडपून टाकणारी आगगाडी, आणि भिंतीच्या आतल्या वाटेवरून फेऱ्या मारणाऱ्या पहारेकऱ्याच्या सायकलची कुरकुर. ही कुरकुर काय आहे हे फोंतेनला बराच वेळ कळत नाही, आपल्यालाही नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही, आणि मग दहा मिनिटं 'काहीच घडत नाही' असं वाटतं. दिवसा, उजेडात, टीव्हीच्या काचेत खिडकी दिसत असताना कृष्णधवल रात्र म्हणजे नुसता काळा पडदा. तेव्हा अंधार करावा, बरे हेडफोन किंवा स्पीकर असावेत आणि जेवण आधी उरकलेलं असावं. जेवता जेवता सिनेमा पाहायची सवय असलेल्याचे डोळे ताटात असतात आणि जे हातांच्या हालचालीत घडतं ते निसटून जातं. दीडपट वेगाने पाहण्याचा मोह आजकाल अनेकांना होतो. इथे तो निरर्थक आहे, कारण पहारेकऱ्याच्या पावलांमधलं अंतरच त्यामुळे खोटं होतं.

दुसऱ्या सिनेमात ठोस गरज तशीच ठेवावी आणि जिवावरचा धोका काढून घ्यावा. त्यासाठी अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकाच्या 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस?' (1987) या सिनेमाइतका योग्य दुसरा मला माहीत नाही. लांबी दीड तासाहून कमी. उत्तर इराणमधल्या कोकेर गावात अहमद नावाचा आठेक वर्षांचा मुलगा आहे. गृहपाठ वहीत केला नाही तर शाळेतून काढून टाकीन, अशी ताकीद गुरुजींनी त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाला दिलेली आहे. घरी आल्यावर अहमदला दिसतं, की त्या मुलाची वही चुकून आपल्याच दप्तरात आली आहे. मित्र पलीकडच्या पोश्ते गावात राहतो, घर माहीत नाही. उद्या सकाळच्या आत वही पोचली पाहिजे.

आता इथे बघा. अहमद आईला सांगू पाहतो. आई कपडे वाळत घालतेय, बाळ रडतंय. 'गृहपाठ कर', 'बाळाला बघ', 'पाणी आण' असं ती सांगत राहते. अहमद पुन्हा सांगतो, आई पुन्हा तेच. हे इतक्या वेळा होतं, की वेगवान सिनेमाची सवय असलेला माणूस हमखास वैतागतो. माझा भाऊही वैतागला. पण तो म्हणाला काय? "अरे, ऐकून तरी घे ना त्याचं!" त्याचा राग आईवर होता. दिग्दर्शकाने एकच गोष्ट दहादा का दाखवली, हा प्रश्न त्याला पडला नाही, कारण ती दहादा घडल्याशिवाय लहान मुलाला मोठी माणसं कशी ऐकून घेत नाहीत हे कळलंच नसतं. माझ्या दृष्टीने निवड बरोबर होती की नाही हे समजायला एवढं एक वाक्य पुरेसं आहे.

अहमद निघतो. टेकडीवर नागमोडी पायवाट आहे, वर एकटंच झाड. ती वाट किआरोस्तामीने सिनेमासाठी मुद्दाम करवून घेतली होती. तो ती पळत चढतो, पोश्तेत हिंडतो, परत येतो, पुन्हा जातो. आजोबा मध्येच त्याला सिगारेट आणायला पिटाळतात आणि मग शेजाऱ्याला सांगतात, की सिगारेट माझ्याकडे आहे, पोराला शिस्त लागावी म्हणून पाठवला. संध्याकाळ होते. अखेर एक म्हातारा सुतार घर दाखवायला तयार होतो. गावातली जुनी दारं-खिडक्या त्याने आयुष्यभर बनवलेल्या आहेत आणि त्यांबद्दल तो बोलत बोलत चालतो. त्याला दम लागतो, तो थांबतो. मुलाला पळायचं आहे, पण म्हाताऱ्याला सोडून पुढे जाता येत नाही. गल्लीत अंधार, खिडक्यांच्या नक्षीतून भिंतीवर पडलेला उजेड आणि त्या दोघांचा न जुळणारा वेग.

संथ सिनेमा म्हणजे काय, हे कुणाला दाखवायचं असेल तर मी ही दहा मिनिटं दाखवीन. इथे सिनेमा म्हाताऱ्याच्या चालीने चालतो आणि आपलं मन मुलाच्या घाईने धावतं. दोन्ही एकाच वेळी अनुभवायला मिळतात. मुलाला उशीर होतोय हे खरं आहे, आणि म्हाताऱ्याला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या खिडक्यांबद्दल ऐकणारं भेटलंय, हेही खरं आहे. कापाकापी करून हा प्रसंग दोन मिनिटांवर आणला असता तर मुलाची घाई उरली असती, म्हाताऱ्याचं एकटेपण गेलं असतं. वहीचं शेवटी काय होतं ते मी इथे सांगत नाही; सिनेमाचा शेवटचा शॉट काही सेकंदांचाच आहे आणि तो तसाच, न सांगता समोर यायला हवा.

हे दोन जमले, की तिसऱ्यासाठी ठोस ध्येयाची कुबडी काढता येते. घरात कौटुंबिक सिनेमे आवडीने पाहणारं कुणी असेल तर त्यांच्यासाठी हाच पहिला असू शकतो: यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा 'टोकियो स्टोरी' (1953). त्याची ओळख करून देण्याचा सोपा रस्ता 'बागबान'मधून (2003) जातो. तिथेही म्हातारे आईवडील आहेत आणि मुलांना त्यांच्यासाठी वेळ नाही. पण 'बागबान'मध्ये मुलं-सुना दुष्ट आहेत, बापाला शेवटी पुस्तकाचं यश मिळतं आणि तो भर सभेत सगळ्यांना सुनावतो. आपण रडतो आणि मोकळे होतो. ओझूकडे कुणी दुष्ट नाही. ओनोमिचीहून म्हातारं जोडपं टोकियोला येतं. मुलगा डॉक्टर आहे, रविवारी त्याला नेमकं पेशंटकडे जावं लागतं. मुलीचं केशभूषेचं दुकान आहे, तिला खरोखर सवड नाही. दोघं मिळून आईवडिलांना आतामीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर पाठवतात, तिथे रात्रभर तरुणांचा गोंगाट. लढाईत गेलेल्या मुलाची विधवा बायको नोरिको तेवढी रजा काढून त्यांना शहर दाखवते.

ओझूचा कॅमेरा चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो आणि सिनेमाभर जवळजवळ हलत नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये धुराडी, आगगाडी, वाळत घातलेले कपडे अशी माणसांविना चित्रं येतात. नवख्या प्रेक्षकाला ती भरताड वाटतात. पण ओझू खरी कात्री दुसरीकडेच चालवतो. परतीच्या प्रवासात आईची तब्येत बिघडते, हा कुठल्याही मेलोड्रामाचा हुकमी प्रसंग. तो आपल्याला दिसतच नाही. ओसाकाच्या धाकट्या मुलाच्या बोलण्यातून तो फक्त कळतो. मोठ्या घटना गाळायच्या आणि त्यांच्या अलीकडचं-पलीकडचं साधं आयुष्य पूर्ण दाखवायचं, ही ओझूची रीत. आई गेल्यावर मुलगी रडते खरी, आणि लगेचच आईचं कुठलं वस्त्र आपल्याला हवं तेही सांगते. 'बागबान' पाहून डोळे पुसणाऱ्या काही जणांना मी इथे गप्प झालेलं पाहिलंय, कारण त्या मुलीत त्यांना स्वतःच्या घरातलं कुणीतरी दिसलं.

सबटायटल्सचा बाऊ अनेक जण करतात. प्रत्यक्षात संथ सिनेमात संवाद कमी आणि ओळी पडद्यावर जास्त वेळ राहणाऱ्या, त्यामुळे वाचायला सोप्या जातात. तरीही ज्यांना वाचत सिनेमा बघणं नकोच वाटतं, त्यांच्यासाठी आपल्याकडे चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014) आहे. व्हेनिसला गौरवलेला हा सिनेमा मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजीत बोलतो, म्हणजे मुंबईतलं कोर्ट जसं बोलतं तसा. कॅमेरा लांब उभा राहून सगळी खोली दाखवतो. कुणाकडे बघायचं ते तुम्ही ठरवा. सरकारी वकील नूतन दिवसभर कोर्टात एका लोकशाहिराला आत ठेवण्यासाठी भांडते आणि मग लोकलने घरी जाऊन स्वयंपाकाला लागते. तिच्यावर रागावायचं की तिची कीव करायची, हे सिनेमा सांगत नाही. शेवटाजवळ कोर्ट रिकामं होतं, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो आणि लोक खुर्चीतून उठायला लागतात. सिनेमा मात्र त्यानंतरही चालू राहतो, आणि न्यायाधीशांच्या सुट्टीतलं जे दिसतं त्याने आधीच्या सगळ्या सुनावण्यांचा रंग बदलतो.

कुठला सिनेमा नंतरसाठी ठेवावा, हेही सांगायला हवं. विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज' (2023) हल्ली सगळे पहिला म्हणून सुचवतात. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा, त्याच्या कॅसेटी, त्याची झाडं. सिनेमा गोड आहे आणि कोजी याकुशो यांचा अभिनय अप्रतिम आहे. पण हिरायामाला काहीच हवं नाही, तो तृप्त आहे. म्हणून अधीर प्रेक्षकाची अधीरता टेकायला तिथे जागा नाही. 'छान आहे, पण पुढे काय?' हा प्रश्न पडतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. दोन-तीन सिनेमे पचल्यावर तो जास्त आवडतो. तार्कोव्हस्कीचा 'स्टॉकर' (1979) यात ध्येय आहे, प्रवास आहे, धोकाही आहे. पण धोका दिसत नाही, फक्त सांगितला जातो. थरारपट म्हणून तो कुणाला विकायला गेलात तर फसवल्याची भावना येते. म्हणून तोही नंतर.

झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नये. किआरोस्तामी स्वतः म्हणायचा, की थिएटरात डुलकी लावणारे आणि मग रात्री जागवणारे सिनेमे त्याला जास्त आवडतात. खरी धोक्याची खूण म्हणजे 'अजून किती राहिलाय?' हा प्रश्न. तो आला की मी सिनेमा थांबवतो, आग्रह करत नाही. आग्रहाने पूर्ण केलेला एक सिनेमा पुढच्या चारांची वाट बंद करतो. उलट 'हा आता काय करणार?' असा प्रश्न आला, की मी उत्तर न देता गप्प बसतो.

आणि मग 'जान दिएलमान'. इतक्या वाटेनंतर तो देता येतो. त्यात तीन दिवस आहेत आणि एकेक दिवस संपला की पडद्यावर तशी पाटी येते. लागोपाठ पाहणं उत्तम, पण नवख्याने तो तीन रात्रींत पाहिला तरी माझी हरकत नाही. पहिल्या दिवशी जान बटाटे उकडते, बिछाना घालते, बशा पुसते, सगळं घड्याळासारखं. ते लक्षपूर्वक पाहावं लागतं, कारण दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात आणि ती पातेलं हातात घेऊन घरभर फिरते. कुठे ठेवावं ते तिला सुचत नाही. त्यानंतर एक बटण लावायचं राहतं, एक भांडं झाकायचं राहतं, हातातून वस्तू पडते. चमचा तुटल्यावर दचकलेल्या माझ्या भावाला ते करपलेले बटाटे लगेच दिसले. त्याने सिनेमा थांबवला, मागे नेला आणि पहिल्या दिवशी तिने गॅस कधी बंद केला होता ते पुन्हा तपासलं.